घरी चालते, सर

आमच्या मेहकरच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नऊ नंबरचं मशीन खिडकीजवळ होतं. तिथे हवा चांगली येते, म्हणून मुलं त्याच्यासाठी भांडत. मी मात्र पाच वर्षं त्या मशीनकडे पाठ करून शिकवलं. कोणी तिथून हाक मारली की मी लांबूनच म्हणायचो, काय आहे ते तिथूनच सांगा. मुलांना वाटायचं सरांचे गुडघे दुखतात. गुडघे माझे ठणठणीत आहेत.

एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे आमचा. त्यात पायथन शिकवतो आणि शेवटी प्रत्येकाने एक मेन्यूवाला प्रोग्राम करून दाखवायचा असतो. पडद्यावरच्या खिडकीत यादी येते, एक दाबा, दोन दाबा, चार दाबून बाहेर पडा. मागे एक फिरता लूप असतो, तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो. वापरणाऱ्याने आकड्याच्या जागी अक्षर टाकलं किंवा नुसतंच एंटर दाबलं तर प्रोग्राम कोसळायला नको, म्हणून ट्राय आणि एक्सेप्ट. ट्रायमध्ये करायचं ते काम लिहायचं. बिनसलं तर एक्सेप्टमध्ये उडी जाते, तिथे एक निरोप छापायचा आणि लूपने पुन्हा विचारायचं. आमच्या कामात बिनसणं बहुतेक एकाच जातीचं, त्याला व्हॅल्यू एरर म्हणतात. ‘abc’चा आकडा करायला गेलात की ती येते.

हे शिकवताना मी दोन वाक्यं हमखास म्हणायचो. एक म्हणजे, वापरणारा कितीही वेळा चुकला तरी त्याच्यावर खेकसायचं नाही, त्याला पुन्हा संधी द्यायची. आणि दुसरं, सगळा मेन्यू ट्रायमध्ये घाला आणि निवांत व्हा. पहिलं वाक्य बरोबर होतं, फक्त ते मी स्वतः पाळलं नाही. दुसरं वाक्यच चुकीचं होतं आणि ते मी अनेक वर्षं मोठ्या रुबाबात सांगितलं.

नऊ नंबरकडे मी पाठ केली त्या वर्षी वर्गात एक बाई होती. बाकी सगळी बारावी झालेली पोरं, ही तिशीची, हिवरा आश्रमाकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने यायची. पहिल्याच आठवड्यात तास संपल्यावर टेबलाजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मले एकच वर्स भेटलं हाय. घरच्यायनं सांगतलं, पास झाली त्‌ पुढचं शिक, नाही त्‌ मंग बस. म्हून मले काही समजलं नाही त्‌ मी इचारीन. तुमी रागावू नका.”

मी म्हणालो, “विचारा ना ताई, त्यासाठीच बसलोय.” असं म्हणायला काही पैसे पडत नाहीत.

तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. मोबाईलवर पायथन लिहायचं ॲप टाकून ती अंगठ्याने प्रोग्राम लिहायची. एकदा वर्गात तिने विचारलं, मेन्यूत मराठी पाच टाकला तर चालतो का. मी म्हणालो, नाही चालत, आकडे इंग्रजीच लागतात. ती शांतपणे म्हणाली, “माह्या मोबाईलवर चालते सर.” पोरं हसली. मी फळ्याशेजारच्या मशीनवर मराठी कीबोर्ड लावून ५ टाकून दाखवला, की बघा आता कशी चूक येते. चूक आली नाही. पायथनने मराठी पाच निमूटपणे पाच म्हणून घेतला. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार, कारण पोरं दुसऱ्यांदा हसली ती मला.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. ती सांगते ते एकदा करून पाहावं, हे मला आधीच कळायला हवं होतं.

तिचा प्रोग्राम भांड्यांचा होता. त्यांच्या गावात बायकांच्या बचत गटाकडे लग्नाची भांडी आहेत. पातेली, पराती, झारे, ताटं, पाण्याची पिंपं. प्रत्येकावर गटाचं नाव कोरलेलं. कोणाकडे लग्न असो की तेरवी, भांडी तिथे जातात आणि घासूनपुसून परत येतात. चमचे कधीच पूर्ण परत येत नाहीत. कोणत्या घरी काय गेलं आणि किती आलं, एवढंच तिला मांडायचं होतं. एक, भांडी देणे. दोन, परत घेणे. तीन, यादी पाहणे. चार, बाहेर पडणे. नावं सगळी मराठीत, कारण गटातल्या बायकांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. लॅबमध्ये प्रोग्राम चालवायच्या काळ्या खिडकीत मराठीचे नुसते चौकोन दिसतात, म्हणून मी तिला पायथनसोबत येणारी पांढरी खिडकी उघडून दिली. तिच्यात अक्षरं नीट दिसत.

पोरं आपल्या एक्सेप्टमध्ये ‘इनव्हॅलिड इनपुट’ लिहून पुढे तीन उद्गारचिन्हं ठोकायची. तिने लिहिलं होतं: “माफ करा, इथे फक्त आकडा चालतो. सावकाश पुन्हा टाका, घाई नाही.”

मी चेष्टेने म्हणालो, “एवढं लांब? पत्र लिहिताय का?”

ती म्हणाली, “आमच्या गटातल्या बाया घाबरतेत सर. एकडाव रागावलं त्‌ पुन्हा हात नाही लावत.”

परीक्षेआधी तयारीची सुट्टी लागली. तोवर तिचा प्रोग्राम यादी नुसती लक्षात ठेवत होता, बंद केला की सगळं गायब. ती यादी फाईलमध्ये लिहून ठेवण्याचा भाग तिने सुट्टीत घरी केला, मोबाईलवर. प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी पेन ड्राईव्हवरून नऊ नंबरच्या मशीनवर उतरवून घेतला. तपासून पाहायला वेळ मिळाला नाही, तिची एसटी उशिरा आली होती.

बाहेरून परीक्षक आले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्याला दुपारच्या गाडीने परत जायचं होतं. तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. मेन्यू आला. त्याने ‘abc’ टाकलं. “माफ करा, इथे फक्त आकडा चालतो. सावकाश पुन्हा टाका, घाई नाही.” त्याने मान डोलावली. नुसतं एंटर दाबलं, पुन्हा तेच. सात टाकला, तर एक ते चार यातलाच टाका असं उत्तर आलं. “छान,” तो म्हणाला. मग त्याने एक टाकला, भांडी देणे. प्रोग्रामने घराचं नाव विचारलं, त्याने ‘Test’ लिहिलं. भांड्यांची यादी आली, त्यातून ताट निवडलं. किती? पन्नास.

“माफ करा, इथे फक्त आकडा चालतो. सावकाश पुन्हा टाका, घाई नाही.”

परीक्षक हसला. “अहो, आकडाच टाकला ना मी.”

तिने खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः टाकून पाहिलं. एक, मग नाव, मग ताट, मग पन्नास. माफ करा. तिने वीस टाकून पाहिलं. माफ करा. मराठीत टाकून पाहिलं. माफ करा. पातेलं निवडलं. माफ करा. तिच्याच शब्दांत तो प्रोग्राम तिला सांगत होता की तू चुकते आहेस, आणि तेही इतक्या अदबीने की भांडायला जागा नव्हती.

ती माझ्याकडे वळली. “सर, घरी चालते.”

आता हे वाक्य आमच्या धंद्यात कसं आहे ते सांगायला हवं. दरवर्षी, दर बॅचला, दर तिसरा विद्यार्थी हे म्हणतो. ज्याने प्रोग्राम केलेलाच नाही तोही म्हणतो. माझं उत्तर ठरलेलं होतं आणि त्यावर हशाही ठरलेला होता. मी म्हणालो, “घरी सगळ्यांचंच चालतं.”

लॅब हसली. परीक्षकही हसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “काय करायचं? तासभर देऊ का यांना?”

त्याने विचारलं होतं. ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही बरीच वर्षं सांगितली नव्हती. मी म्हणालो, “नेहमीचंच आहे हो. मोबाईलवर करतात, कुठून तरी उतरवतात. आकडा तपासायचं मुख्य कामच जमलेलं नाही.” त्याने कागदावर गुण लिहिले आणि तो दहा नंबरकडे सरकला.

ती उठली नाही. पुढची तीन मुलं होईपर्यंत ती तिथेच बसून टाकत होती. एक, नाव, भांडं, आकडा. मला पाठमोरी दिसत होती. मग कधी गेली ते मला कळलं नाही. खुर्ची नीट आत सरकवून ठेवली होती.

प्रॅक्टिकलमध्ये ती नापास झाली. पुढच्या सत्रात पुन्हा बसता येत होतं, पण ती आली नाही. मला कारण माहीत होतं, तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एकच वर्ष.

त्यानंतर तिचं ते ‘माफ करा’ माझ्यामागे लागलं. बँकेच्या मशीनने पिन चुकीचा म्हटलं, की मला तिचं वाक्य ऐकू यायचं. स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, सावकाश जेवा, घाई आहे का, आणि मी हातातला घास खाली ठेवायचो. दरवर्षी प्रॅक्टिकलला कोणीतरी म्हणायचंच, सर, घरी चालते. माझं ठरलेलं उत्तर ओठांपर्यंत यायचं आणि नजर नकळत नऊ नंबरकडे जायची. तिथे कोणी दुसराच बसलेला असायचा, पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मी फळ्याकडे वळायचो. मला तेव्हा खरं काय ते कळलेलंही नव्हतं. आत कुठेतरी मात्र माणसाला कळतं. ‘abc’ आणि रिकामं एंटर अचूक ओळखणारा प्रोग्राम पन्नास का ओळखत नाही, हा साधा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला नव्हता आणि नंतर विचारायची मला भीती वाटायची.

गेल्या वर्षी नवी मशीनं आली. जुनी आतली माहिती पुसून देऊन टाकायची होती. आत कोणाचं काही कामाचं राहिलं आहे का ते बघण्याचं काम माझ्याकडे आलं. आठ मशीनं मी एका सकाळीत उरकली. नववं दुसऱ्या दिवशी जेवणानंतर लावलं, खोलीत कोणी नसताना.

तिच्या हजेरी क्रमांकाचा फोल्डर तसाच होता. आत दोन फायली. एक प्रोग्राम, दुसरी भांड्यांची यादी. यादीची फाईल उघडली तर कोरी. आकार शून्य. म्हणजे फाईल तयार झाली होती, तिच्यात लिहिणं मात्र एकदाही झालं नव्हतं.

मग प्रोग्राम चालवला. एक. नाव टाकलं, ताट निवडलं, पन्नास. “माफ करा, इथे फक्त आकडा चालतो. सावकाश पुन्हा टाका, घाई नाही.” इतक्या वर्षांनी, त्याच शांत भाषेत. मला खरंच मागे वळून पाहावंसं वाटलं.

मी एक साधी गोष्ट केली. तिच्या ट्राय आणि एक्सेप्टच्या ओळी काढून टाकल्या, म्हणजे जी चूक होईल ती झाकली न जाता उघडी पडेल. पुन्हा चालवलं. या वेळी लाल अक्षरांत खरी तक्रार आली. आकड्याबद्दल एक शब्द नव्हता. पन्नास त्याने केव्हाच मान्य केला होता. तक्रार फाईलमध्ये लिहिण्याच्या ओळीवर होती: ही अक्षरं मला लिहिता येत नाहीत. ‘Test’ नव्हे, ‘ताट’. भांड्याचं मराठी नाव.

मोबाईलवर वेगळं काही न सांगताही फाईल अशा पद्धतीने लिहिली जाते की तिच्यात सगळ्या लिप्या मावतात. आमची लॅबमधली मशीनं न सांगता जुन्या पद्धतीने लिहायची, तिच्यात मराठीला जागाच नाही. फाईल उघडण्याच्या ओळीत यूटीएफ-एट, म्हणजे ती मोबाईलवाली पद्धत, वापर एवढं सांगितलं की काम होतं. आणि अक्षर न मावण्याची ही जी चूक आहे, ती पायथनच्या हिशेबी व्हॅल्यू एररच्याच पोटातली एक आहे. सगळा मेन्यू ट्रायमध्ये असल्यामुळे ती थेट तिच्या एक्सेप्टमध्ये जाऊन पडली आणि तिथला निरोप बाहेर आला, आकडा टाका म्हणून. ट्रायमध्ये फक्त आकडा वाचण्याची एक ओळ असती, तर त्या सकाळी लाल अक्षरं सगळ्यांना दिसली असती आणि परीक्षकाने पाच मिनिटांत कारण सांगितलं असतं. सगळं ट्रायमध्ये घाला आणि निवांत व्हा, हे तिला मी शिकवलं होतं.

मला ते आधी का दिसलं नव्हतं? कारण आमच्या लॅबमध्ये कोणी मराठीत काही साठवतच नाही. आम्ही सगळे ‘Test’, ‘abc’, ‘Ram’ लिहितो. मशीनसमोर बसलं की आपली लिपी आम्ही चपलेसारखी दाराबाहेर ठेवतो. तिने ठेवली नव्हती.

मी ती ओळ दुरुस्त केली. पन्नास ताटं फाईलमध्ये गेली. मग मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. लाज वाटत होती आणि राग येत होता, दोन्ही स्वतःबद्दलच.

तिला जाऊन सांगायला मला आणखी दोन महिने लागले. परीक्षा आहे, ऊन आहे, बस मिळत नाही. शेवटी एका रविवारी एसटीत बसलो. गावात विचारलं तर लोकांनी समाजमंदिरामागच्या खोलीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी कोणाकडे तरी लग्न होतं, त्याची भांडी निघत होती. ती दारात बसली होती. एका गुडघ्यावर वही आणि दुसऱ्यावर मोबाईल. तिने मला लगेच ओळखलं, पदर सावरला आणि उठून उभी राहिली.

“सर? तुमी इकडं काऊन आले?”

“तुमच्याशी बोलायचं होतं.”

तिने खोलीतून खुर्ची आणून टाकली, पाणी दिलं. माझी नजर मोबाईलवर होती. पडद्यावर मेन्यू होता. एक, भांडी देणे. दोन, परत घेणे.

“हे अजून वापरता?”

“हाव. रोज लागते.” ती जरा ओशाळली. “घरी चालते ना.”

मी मोबाईल मागून घेतला. यादी उघडली तर पाच वर्षांची घरं, पाच वर्षांची ताटं, पातेली. एक ओळ गळलेली नाही. मग कशासाठी कोण जाणे, मी निवडीच्या जागी ‘abc’ टाकलं. माफ करा, इथे फक्त आकडा चालतो. सावकाश पुन्हा टाका, घाई नाही. मी मोबाईल परत दिला.

“आणि ही वही?”

“तेबी लिहितो मी. आधी वहीत, मंग मोबाईलमंधी. रातच्याला दोन्ही जुळवून पाह्यतो.”

“कधी फरक आला?”

“नाही जी. आजलोक एकबी नाही.” तिने वही मिटली. “पन मले कुठं जमलं होतं सर? तुमच्या पुढं सगळ्यायसमोर चुकलं होतं ना. कवा धोका दीन सांगता येत नाही. पोरगी म्हन्ते, आई, दोनदा काऊन लिवतं? म्या म्हनलं, बाई, मले कॉम्प्युटर येत नाही.”

मग मी सांगितलं. खुर्चीच्या कडेला बसून, शिकवतो त्या क्रमाने. फाईल, अक्षरं, ट्राय, एक्सेप्ट. चूक तुमची नव्हती, मशीनची होती आणि त्याहून जास्त माझी होती. परीक्षक एक तास देत होते, तो मी देऊ दिला नाही, तेही सांगितलं. शिकताना जशी ऐकायची तशीच ती मान किंचित वाकडी करून ऐकत होती. समोर दोन बायका ताटं मोजत होत्या, त्याही थांबल्या.

सगळं झाल्यावर ती म्हणाली, “मंग तवा काऊन नाही सांगतलं सर?”

“मला तेव्हा माहीतच नव्हतं, ताई.”

“मलेबी नव्हतं माहीत,” ती म्हणाली. “पन मी सांगतलं होतं ना, घरी चालते म्हून.”

तिच्या आवाजात राग नव्हता. मला माफी मागायची होती, पण ‘माफ करा’ हे दोन शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेनात. पाच वर्षं ते तिचे होते.

मोजणाऱ्या बायकांपैकी एकीने आवाज दिला, साठ ताटं आणि दोन पराती, नाव लिव बाई. ती परत उंबऱ्यावर बसली. मोबाईल हातातच होता, मेन्यू उघडा होता, खाली विचारत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग मोबाईल खाली ठेवला, वही उघडली आणि आधी तिच्यात लिहायला लागली.